शेळीबद्दल करार काय म्हणतो

मी वकील आहे आणि घरच्यांच्या मते अत्यंत कंटाळवाणी आहे. कुणी कराराबद्दल काही विचारलं की मी कलमाचा नंबर सांगते, त्यातले शब्द जसेच्या तसे वाचते, आणि उत्तर सापडलं नाही तर "करार गप्प आहे" म्हणून मोकळी होते. "तुला काय वाटतं?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसतं. करार वाचायचा असतो, वाटून घ्यायचा नसतो.

मावशीचं एका व्यापारी संकुलात शिवणाचं दुकान आहे. काका गेल्यावर ती दिवसभर मशीनशीच बोलायची. मग तिने ठमी आणली. ठमी म्हणजे शेळी. ती कापडाच्या चिंध्यांवर बसते, मावशीचं सगळं ऐकून घेते आणि मधूनमधून गिऱ्हाइकाची लेस खाते. परवा तिने संकुलाच्या मॅनेजरच्या शर्टाची बाही खाल्ली. दुसऱ्या दिवशी नोटीस आली: आठवड्याभरात शेळी हलवा, नाहीतर गाळा सोडा.

मावशी करार घेऊन माझ्याकडे आली. डोळे सुजलेले होते.

"एवढंच सांग, ठमी राहू शकते का?"

मी वाचलं. "कलम चौदा: 'भाडेकरूने गाळ्यात कुत्रा, मांजर अथवा पक्षी ठेवू नये.' शेळीबद्दल हे कलम गप्प आहे."

"मग झालं तर!"

"थांब. गप्प म्हणजे हो नव्हे. कलम चाळीस: 'या करारात उल्लेख नसलेल्या कोणत्याही गोष्टीसाठी मालकाची पूर्व लेखी संमती आवश्यक राहील.' घेतली होतीस?"

"ठमीला आणायच्या महिनाभर आधी अर्ज दिला होता. मॅनेजरने पोच दिली, शिक्का मारला आणि पोट धरून हसला."

"उत्तर?"

"हसला म्हणते ना."

"उत्तर दिलं नाही तर काय, याबद्दल करार..." मी पान उलटलं आणि थांबले. पुढचं पान नव्हतं. तिथे दातांची नक्षी असलेला एक तुकडा उरला होता.

"भूक लागली होती तिला," मावशी खाली बघत म्हणाली.

मग तिनेच सुचवलं, "म्हण की, तिथेही गप्प आहे."

"नाही म्हणता येणार. करार गप्प असणं वेगळं आणि करार शेळीच्या पोटात असणं वेगळं. सगळी पानं वाचल्याशिवाय मी काही बोलणार नाही."

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की, खरं सांगते, हो म्हणून टाकावंसं वाटलं. पण खोटा धीर देऊन तिचा गाळा घालवायचा नव्हता.

आम्ही मॅनेजरकडे गेलो. ठमीही आली, कारण तिला दुकानात एकटीला सोडणं महागात पडतं. मॅनेजर अर्ध्या बाहीच्या शर्टात बसला होता. दुसरी बाही पूर्ण होती. मी त्याच्याकडची सही-शिक्क्याची प्रत मागितली आणि गहाळ पान मोठ्याने वाचलं.

"कलम एकेचाळीस: 'लेखी विनंती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर न दिल्यास संमती दिली असे मानण्यात येईल.'"

मॅनेजरने वाकून ते कलम स्वतः पुन्हा वाचलं.

"पण मी हसलो होतो," मॅनेजर म्हणाला. "हसणं म्हणजे नकारच ना?"

मी व्याख्या काढल्या. "कलम एक: 'लेखी म्हणजे हस्तलिखित, छापील अथवा ई-मेलद्वारे पाठवलेले.' हसण्याचा उल्लेख नाही."

मावशीने ठमीला मिठी मारली. मॅनेजर मात्र कच्च्या गुरूचा चेला नव्हता.

"मानलेली संमती मागे घेता येते का?"

मी करार पहिल्या पानापासून शेवटच्या परिशिष्टापर्यंत पुन्हा वाचला. मावशी माझ्या तोंडाकडे बघत होती. काहीतरी सापडावं असं मला फार वाटत होतं.

"करार गप्प आहे," मी म्हणाले. "घेता येते असंही नाही, येत नाही असंही नाही."

मावशीचा चेहरा पडला. मॅनेजरने विजयी मुद्रेने खुर्चीत मागे रेलून हात पसरला, आणि उरलेल्या बाहीकडे ठमीचं लक्ष गेलं. मावशीने झडप घालून तिला ओढलं.

"साहेब, शर्ट काढा," ती म्हणाली. "तुम्ही इथेच बसा, मी बाही लावून आणते."

ती गेली आणि नवी बाही लावून आली, जोड कुठे आहे ते शोधूनही सापडेना. मॅनेजरने शर्ट घालून आरशात दोनदा पाहिलं. मग मालकाला फोन लावला. पलीकडून मोठं हसणं ऐकू आलं.

"हसून चालणार नाही, साहेब," मॅनेजर फोनवर म्हणाला. "लेखी लागतं."

ई-मेल आला, छापला. 'ठमी नावाच्या शेळीबाबतची संमती कराराची मुदत संपेपर्यंत मागे घेतली जाणार नाही.' मावशी ते वाचताना रडली आणि हसली, दोन्ही.

मी तीन प्रती काढायला सांगितल्या. एक मालकाला, एक मावशीला आणि एक ठमीला खायला.