नव्या तारखेची बिलं

माझ्या मुलाचं लग्न झालं, त्याच वर्षी आमच्या खोक्यांच्या कारखान्यात पगार थकू लागले. हिशेब बघायला बसलेल्या नव्या सुनेने बिलं तपासली आणि ती माझ्या थोरल्या भावासमोर, दादांसमोर, येऊन उभी राहिली.

"काका, तीन महिन्यांची उधार विक्री तीस लाख आणि येणं चाळीस लाख. म्हणजे पैसा हाती यायला सरासरी एकशेवीस दिवस लागतात. मग यादीत एकही बिल महिन्याहून जुनं कसं नाही?"

दादा हसले. "जावयाची जुनी बिलं मी दर महिन्याला रद्द करतो आणि नव्या तारखेने काढतो. लेक दिलीय तिथे, तगादा कसा लावू?"

"मग कामगारांचे पगार लेक देणार का?" मी म्हणालो.

"तू गप्प बस रे! मोठा आलाय शहाणा."

सुनेने तिथूनच जावयाला फोन लावून पैसे मागितले.

"थकबाकी कसली, वहिनी?" तो म्हणाला. "तुमचंच बिल बघा, परवाचं आहे. मुदत महिन्याची."

दादांनी मान खाली घातली. पैसे आले नाहीत. डिसेंबरात कारखान्याला कुलूप लागलं, आणि पुढच्या मार्चमध्ये दादा वारले.