शून्यावर अडलेला पारा

दुसऱ्या मिनिटाला थर्मामीटर बीकरच्या काठाला लागून टिंग वाजलं आणि क्षमा ढवळायची थांबली.

तिनं हळूच इकडंतिकडं पाहिलं. अकरावीच्या फिजिक्सची प्रॅक्टिकल परीक्षा चालू होती. समता कॉलनीजवळच्या तिच्या शाळेची लॅब म्हणजे एक लांबट खोली, त्यात बारा पोरं-पोरी आणि बारा स्पिरिटचे दिवे. वनमाला मॅडम दाराशी कुणाची तरी फाईल तपासत होत्या. आवाज कुणीच ऐकला नव्हता. नळीला तडाही दिसत नव्हता, पण आत काय झालं असेल ते कुणाला ठाऊक?

दिवाळीआधी असंच एक थर्मामीटर तिच्या हातून फुटलं होतं. पाऱ्याचे गोळे फरशीभर पळाले, सगळी लॅब रिकामी करावी लागली. तेव्हा मॅडमनी तिच्या बाबांना बोलावून सांगितलं होतं, "पोट्टी हुशार आहे, पण हाताची धांदरट. पुन्हा असं झालं तर हिले आर्ट्सले बसवा, मले लॅबमध्ये नको." बाबा, देवीदासराव, रेल्वेत गार्ड. गोंदियाहून या हिंदी मुलखात बदली होऊन आलेले, कुणापुढं मान न झुकवणारे. ते त्या दिवशी हात जोडून उभे राहिले होते. क्षमाला फुटलेल्या काचेपेक्षा ते जोडलेले हात जास्त लागले होते.

आणि आज प्रयोग काय, तर बर्फाचा चुरा तापवायचा, सारखा ढवळत राहायचा, दर मिनिटाला तापमान लिहायचं आणि आलेख काढायचा. लहान पोरानंही करावा असा. बर्फ आधी उणे तीनवर होता. दुसऱ्या मिनिटाला शून्यावर आला. तिसऱ्याला शून्य. चौथ्यालाही शून्यच.

खाली दिवा चांगला जळत होता. बीकरखालच्या जाळीजवळ हात नेला की चटका बसत होता. मग पारा वर का चढत नाही?

पाचवं मिनिट. शून्य.

बिघडलं. टिंग वाजलं तेव्हाच बिघडलं. वर्गात मॅडमनी 'गुप्त उष्णते'ची व्याख्या लिहून दिली होती आणि तिनं ती स्वल्पविरामासकट पाठ केली होती. पण पाठ करणं वेगळं. तेव्हाही तिनं विचारलं होतं, "मॅडम, आपण उष्णता देऊन राहिलो, तर ते तापत काहून नाही?" मॅडम म्हणाल्या होत्या, "गुप्त असते म्हणून. लिहून घे." तिनं लिहून घेतलं आणि कोडं तसंच राहिलं. भीतीनं डोकं गच्च झालेल्या माणसाला पाठ केलेली व्याख्या काय कामाची? तिला ती आठवलीसुद्धा नाही.

तिनं मग तेच केलं जे त्या लॅबमधली निम्मी पोरं वर्षभर करत आलेली. रीडिंग जमवली. पाचव्या मिनिटापुढं दोन लिहिलं, सहाव्यापुढं पाच, सातव्यापुढं आठ. आलेख कसा, छान चढता.

पण खोटं लिहिलं तरी ते थर्मामीटर तिच्याच बीकरमध्ये होतं. बाहेरच्या शाळेतून आलेले परीक्षक सर एकेका टेबलापाशी थांबत पुढं सरकत होते. त्यांनी वाकून पाहिलं की संपलं.

शेजारच्या टेबलावर गौतम होता, क्षमाच्याच रेल्वे कॉलनीतला. त्याला बर्फ दहा मिनिटं आधी मिळाला होता. तो केव्हाच वितळला होता आणि आता त्याच्या बीकरमधलं पाणी सव्वीस अंशांवर होतं. गौतम आलेखाचा कागद आणायला मॅडमकडे गेला.

क्षमानं एकदा दाराकडं पाहिलं. मग आपलं थर्मामीटर काढून त्याच्या बीकरमध्ये ठेवलं आणि त्याचं उचलून आपल्यात. चोरी होती ती, दुसरं नाव नाही.

आता हे चांगलं थर्मामीटर खरं काय ते सांगेल. सव्वीसवरून पारा भराभर उतरला. वीस, दहा, चार. शून्यावर आला आणि थांबला.

ती ढवळत राहिली. एक मिनिट गेलं. शून्य.

तिनं मान वळवून शेजारी पाहिलं. तिचं ते 'बिघडलेलं' थर्मामीटर गौतमच्या पाण्यात ठणठणीत काम करत होतं. एकतीस. बघता बघता चौतीस. म्हणजे दोन्ही धड होती. अडलं होतं ते थर्मामीटर नव्हतंच.

मग दिव्याची एवढी आच जात होती कुठं?

आता पहिल्यांदा तिनं पाऱ्यावरची नजर काढून बीकरमध्ये पाहिलं. बर्फ निम्मा उरला होता. पाणी वाढलं होतं. कुणी काही लपवलेलं नव्हतं, सगळं डोळ्यांसमोर घडत होतं. बर्फाचे कण एकमेकांना घट्ट धरून होते, ती पकड सोडवण्यातच सारी उष्णता खर्ची पडत होती. कणांची धावपळ वाढवायला काही उरतच नव्हतं, आणि थर्मामीटरला कळते ती फक्त धावपळ. क्षमाला एकदम हसू आलं आणि लगेच रडूही.

तेराव्या मिनिटाला बर्फाचा शेवटचा तुकडा वितळला. चौदाव्याला पारा सहावर गेला, पंधराव्याला तेरावर. तिनं आधीच्या खोट्या आकड्यांवर एकेक रेघ मारली आणि बाजूला शून्य, शून्य, शून्य असं लिहिलं. बदलाबदलीचं ते एक मिनिट तिनं रिकामं सोडलं.

परीक्षक सर आले. "ये काटा क्यों?"

"डर गई थी सर. लगा थर्मामीटर खराब है."

"तो ग्यारह मिनट की गर्मी कहाँ गई?"

तिनं सांगितलं. पाठ केलेलं एक अक्षर न वापरता, अडखळत, पण सांगितलं. वर हेही म्हणाली की नुसता बर्फ वितळवायला जेवढी उष्णता लागली, तेवढीच शून्यावरच्या पाण्याला दिली तर ते मिनिटाला सात अंशांनी चढत ऐंशी अंशांच्या आसपास जाईल. सरांनी मान डोलावली आणि पुढं गेले.

सुटली, असं तिला वाटलं. पण सामान परत घेणाऱ्या लहानूभैयाकडे रजिस्टर होतं. "बेटा, तुम्हारे नाम पर सात नंबर है. ये तो आठ है." मॅडमनी वर पाहिलं. गौतमनंही पाहिलं.

क्षमाला पळून जावंसं वाटलं. बाबांचे हात डोळ्यांपुढं आले. तरी ती बोलली, सगळं बोलली.

मॅडमनी दोन्ही थर्मामीटरं उजेडासमोर धरून पाहिली. "काही फुटलं नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "सायन्समधून काढत नाही तुले. रीडिंगचे मार्क मात्र कापीन. जा आता."

बाहेर सायकल स्टँडपाशी गौतम थांबला होता. तो घरीदारी हिंदीच बोलायचा.

"सच में खराब होता तो?" त्यानं विचारलं. "सर मेरे बीकर में देखते. तब बताती?"

भीती केव्हाच गेली होती, आता तिच्यामागं लपायलाही जागा नव्हती. क्षमानं सायकलची मूठ घट्ट धरली.

"नाही," ती म्हणाली. "नसतं सांगितलं."

गौतमनं मान हलवली, सायकल काढली आणि तिच्यासाठी न थांबता तो कॉलनीच्या रस्त्याला लागला.