बांधावरची माती

सही आधी इंग्रजी करारावर घ्यायची आणि मराठी प्रत नंतर हातात द्यायची, ही आमच्या बिल्डरची खोड माझ्या डोक्यात जाते. बोळिंजच्या साइटवर मी इंजिनीअर, त्यामुळे ती प्रत समजावून सांगायचं काम माझ्याच गळ्यात.

ठेकेदार हिरामणकाकांनी आपली वाडी आम्हालाच विकली होती. तिथलं बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं, बुजवायचं कामही त्यांनीच घेतलं होतं.

“बाय, भरावाचा दर एवढा कमी कसा गं?” त्यांनी विचारलं.

मी दर पृथक्करणाचं पान काढलं. “दर कशाकशाचा मिळून झालाय ते इथे फोडून लिहिलंय. मजुरी आहे, रोलर आहे, पण ट्रकचं भाडं नाही. लीड, म्हणजे माती वाहून आणायचं अंतर, पन्नास मीटरच्या आत धरलंय.”

काका खिडकीबाहेर बघत राहिले. पन्नास मीटरच्या आत माती एकच होती, तळ्याभोवतीच्या बांधाची.

“बांध राहील असं शेट बोललेले. आईला मी तेच सांगितलं, तेव्हा कुठे तिने वाडीच्या खरेदीखतावर अंगठा दिला.”

मी परिमाणपत्रकातली, म्हणजे कामांच्या यादीतली, पुढची बाब वाचली. “झाडे तोडणे, नग चार.”

“चारच आहेत. बांधावरची जांभळं. तिनेच लावलेली.”

त्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, “झाडाच्या दरात मुळं काढणंही धरलंय का?”

“धरलंय, काका.”