निळ्याची मादी

नानासाहेबांनी रामकिसनला कॉलर धरून दुकानात आणलं आणि पायरीवरच त्याच्या कानाखाली अशी वाजवली, की तो मांडणीवर आदळला आणि माशांच्या खाद्याचे दोन डबे खाली आले. उस्मानपुऱ्यातल्या त्या दुकानाची मालकीण मोनाली काउंटरमागे उभी होती. ती काही बोलायच्या आत नानासाहेबांनी प्लास्टिकची पिशवी काउंटरवर आपटली. आत त्यांचा निळा फायटर मासा होता. म्हणजे त्याचं जे उरलं होतं ते. शेपटीच्या चिंध्या, एक डोळा गेलेला, पोट फाटलेलं.

"यानं मासा बदलला," नानासाहेब म्हणाले. "तू सांगितलेली मादी यानं वाटेत विकली, अन् दुसराच मासा माझ्या टाकीत सोडला. सकाळी सोडला अन् दुपारला हे असं."

पडेगावच्या रस्त्याला प्लॉट पाडून पाडून नानासाहेब मोठे झालेले. गावाला आठ दिवसांनी नळ यायचा, पण त्यांच्या बंगल्यातली माशांची टाकी टँकरच्या पाण्यानं काठोकाठ. निळ्याला जोड हवी म्हणून त्यांनी छावणीतल्या एका विक्रेत्याकडच्या लाल माशाचा फोटो मोनालीला पाठवला होता. अख्ख्या मराठवाड्यातले शौकीन तिला फोटो पाठवत. शरीर, रंग, पर बघून ती जात सांगे, नर की मादी सांगे. तेवढ्या नावावर दुष्काळातही तिचं दुकान चालू होतं. लालचा फोटो तिनं भाजी निवडता निवडता पाहिला होता. आखूड पर, फिकट रंग. तिनं लिहिलं, 'मादी आहे. दोन दिवस बाटलीत ठेवून निळ्याला दाखवा, मग टाकीत सोडा.' मासा आणून बंगल्यावर न्यायला आणि दोन दिवस बघून टाकीत सोडायला तिनं आपला रामकिसन पाठवला. दहा वर्षं तो तिच्याकडं टाक्या धूत होता.

"साहेब, मी तोच नेला," रामकिसन म्हणाला. "देवाशपथ."

नानासाहेबांनी त्याचा उजवा हात काउंटरच्या कडेवर दाबला. "खरं बोल."

"थांबा, फोटो बघते," मोनाली म्हणाली. तिनं लालचा जुना फोटो आणि नानासाहेबांनी दुपारी काढून पाठवलेला त्याचा नवा फोटो मोठा करून पाहिला. दोन्हींत गालावर एक खवला उडालेला. मासा तोच होता.

मग तिनं जुना फोटो अजून मोठा केला. मासा घाबरून पर मिटून बसला होता, म्हणून ते आखूड दिसत होते. पण पोटाखालचे दोन पर चांगले लांब आणि जाड होते. मागचा खालचा पर टोकाला निमुळता होत गेलेला. कल्ल्याखालून दाढीची, म्हणजे नर फुगवतो त्या पडद्याची, काळी कड डोकावत होती. आणि मादीच्या पोटाखाली अंडी पडायच्या जागी जो पांढरा ठिपका असतो, तो कुठंच नव्हता. आखूड शेपटीचा नर, आणि फायटरचे दोन नर एका टाकीत आले की एकमेकांना फाडतात. शेपटी मोठी नसली की नवखे त्याला मादी समजतात. तीही तेच समजली होती, एवढं नाव कमावून.

तोंड उघडलं तर नाव जाणार. गप्प बसलं तर सगळं रामकिसनवर जाणार. ती गप्प बसली. नानासाहेबांनी हात दाबत नेला, आणि रामकिसनच्या करंगळीचा कट असा आवाज दुकानभर झाला. तो ओरडला नाही, नुसता खाली बसला. नानासाहेबांनी त्याच्या छातीवर लाथ घातली आणि दुसरीसाठी पाय उचलला.

"त्याला सोडा," मोनाली म्हणाली. "मासा तोच आहे. तो नर आहे. चूक माझी. मी नीट न बघता मादी सांगितलं."

नानासाहेबांनी पाय खाली घेतला. मग त्यांनी स्टूल उचललं आणि भिंतीशेजारच्या मोठ्या टाकीत घातलं. काच फुटली, आठ दिवस पुरवून वापरायचं पाणी रस्त्यापर्यंत वाहत गेलं, आणि फरशीवर मासे तडफडू लागले. "आता सगळ्यांला सांगतो, तुझी नजर किती पक्की हाय ते," एवढं बोलून ते गेले.

रामकिसन गुडघ्यावर रांगत डाव्या हातानं मासे बादलीत टाकत होता. मोनालीही खाली बसली. तिला रडू आवरेना. "रामकिसनदादा, मी आधीच बोलायला पाहिजे होतं," ती म्हणाली.

"मला ठावं होतं, ताई," तो म्हणाला. "दोन दिवस बाटलीतून बघत व्हतो. निळा समोर आला की लाल कल्ले फुगवून दाढी काढायचा. एवढी दाढी मादीला नसती. मादी राजी झाली की अंगावर उभे पट्टे येत्यात, तेबी आले नाय."

"मग सोडला कशाला?"

त्यानं एक मासा उचलून बादलीत सोडला. करंगळी आता काळी पडली होती.

"तुम्ही मादी म्हणाला व्हता ना," तो म्हणाला.