उद्याचा केक

घरच्या बेकरीतली भट्टी मोडायची की ठेवायची, हे गुळाच्या केकवर ठरणार होतं. नवऱ्याला भट्टीच्या जागी थंड पेयांचा काचेचा फ्रिज हवा होता. त्याने टेप लावून कोपरा दोनदा मोजलाही होता. सासऱ्यांचा निकाल साधा होता: समोरच्या चहावाल्याने रोजचा केक आपल्याकडून घेतला तर भट्टी राहील, नाही घेतला तर फ्रिज येईल. सुनेला कोणी विचारलं नव्हतं. लग्नाआधी ती दुसऱ्या बेकरीत कामाला होती आणि या घरात तिला खऱ्या अर्थाने आपली वाटलेली वस्तू म्हणजे ती भट्टी.

चहावाल्याची अट एकच होती. केकात साखर नको, गूळ हवा. गिऱ्हाइकं विचारतात, म्हणाला. गुरुवारी सकाळी चव दाखवा.

मंगळवारी तिने पहिला केक केला. साखरेऐवजी तेवढ्याच वजनाचा गूळ, बाकी सगळं होतं तसंच. हे चुकणार याचा तिला अंदाज होता, पण किती चुकतंय ते पाहायचं होतं. पुरेसं चुकलं. केक वरून कोळशाच्या जवळपास गेला, आतून ओला राहिला आणि मधोमध खचला.

"विहीर खणलीस काय गं?" नवऱ्याने डोकावून विचारलं.

"पाणी लागलंय. उतरा आत," ती म्हणाली.

बुधवारी सकाळी ती पुन्हा कामाला लागली. गुळात मुळातच पाणी असतं, शिवाय तो हवेतलं ओढून घेतो. त्यामुळे दूध कमी करायला हवं. तिने गूळ किसला, थोड्याशा पाण्यात मंद आचेवर विरघळवला आणि फडक्यातून गाळला. फडक्यात उसाच्या काड्या आणि वाळू राहिली. पाक पूर्ण गार केला, कारण गरम गूळ दुधात गेला की दूध फाटतं. विरघळवायला घेतलेलं पाणी तिने दुधातून वजा केलं आणि वर आणखी दोन-तीन चमचे दूध कमी केलं. लोणी आणि साखर घोटताना जी हवा भरते ती पाकात भरत नाही, म्हणून अंडी वेगळी, चांगली फुगेपर्यंत फेटली. बेकिंग पावडर थोडी कमी करून चिमूटभर खायचा सोडा घातला. गूळ आंबट असतो, सोड्याला तेवढं पुरतं. मीठ नेहमीपेक्षा किंचित जास्त. गूळ लवकर करपतो म्हणून भट्टीची आच उतरवली आणि केक जास्त वेळ ठेवला.

दुसरा केक सरळ उभा राहिला. मधे काडी खुपसली ती कोरडी बाहेर आली.

सासऱ्यांनी तो गरम असतानाच तोडला. त्यांची पद्धतच तशी. या दुकानात चव भट्टीच्या तोंडाशी घेतली जायची आणि आज भाजलेलं आज विकलं जायचं. आदल्या दिवसाचा माल काचेच्या कपाटात दिसला तर सासरे तो स्वतः उचलून बाहेर काढत. एकदा त्यांनी सख्ख्या साडूला कालचा पाव नाकारला होता. साडू फुकट मागत होता तरी.

"गोडी कमी आहे," ते म्हणाले. "वास गुळाचा आणि गोडी कुणाचीच नाही."

"मामंजी, साखरेइतका गोड गूळ नसतोच. पण हे कमी नाही वाटत मला."

"मला वाटतं ना. गूळ वाढव, सूनबाई."

"गूळ वाढवला की ओल वाढेल."

"मग दूध कमी कर. तूच तर सांगत होतीस."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. त्याच संध्याकाळी तिने पाचवा हिस्सा गूळ वाढवला आणि दूध जवळजवळ काढूनच टाकलं. केक गोड झाला, पण सुरीला चिकटला, दाताला चिकटला आणि जड झाला. सासऱ्यांनी तुकडा चघळला, बराच वेळ चघळला.

"गोड आहे," ते म्हणाले. तोंड मोकळं झाल्यावर.

"फरशीला लावायला चांगला आहे," नवरा म्हणाला. तो फ्रिजवाल्याला फोन लावत होता. वडिलांनी पाहिल्यावर त्याने तो ठेवला.

गुरुवारी भल्या पहाटे तिने भट्टी पेटवायच्या आधी तुलना करायची म्हणून आदल्या सकाळचा दुसरा केक काढला. डब्यात झाकून ठेवला होता. संध्याकाळच्या चिकट केकाचा एक तुकडा शेजारी मांडला. आधी चिकट खाल्ला, मग पाण्याने चूळ भरून दुसरा. आणि तिने पुन्हा एक तुकडा कापला, कारण पहिल्यावर विश्वास बसला नाही.

कडक कड मऊ झाली होती. आत आणि बाहेर ओल सारखी पसरली होती. गरम असताना नाकात शिरणारा गुळाचा वास मागे सरला होता आणि गोडी पुढे आली होती. केक तोच होता. त्यात काही वाढवायचं नव्हतं, त्याला थांबू द्यायचं होतं.

सासरे आले तेव्हा तिने बशी पुढे केली.

त्यांनी खाल्लं. डोळे मिटून पुन्हा खाल्लं.

"बघ," ते म्हणाले. "गूळ वाढवल्यावर कसा झाला. मी सांगत होतो."

"हा वाढवलेला नाही, मामंजी. काल सकाळचा आहे. तुम्ही कमी गोड म्हणालात तो."

सासऱ्यांनी हातातल्या तुकड्याकडे पाहिलं. तो खाली ठेवावा की तोंडात घालावा हे त्यांना ठरवता येईना. नवरा काउंटरमागून ऐकत होता आणि बोटं मोडत होता.

"शिळा आहे म्हण ना," सासरे म्हणाले.

"मुरलाय म्हणते मी."

"कालचा माल मी कुणाला दिलेला नाही. उभ्या जन्मात नाही."

"मग दुसरा न्या चहावाल्याकडे. चिकटणारा आहे, पण तोही कालचाच." तिने बशी ओट्यावर ठेवली. "किंवा आत्ता नवा भाजते, पण तो ताजा असताना कमी गोडच लागेल. तुम्ही ठरवा. फ्रिज कुठे बसतो ते यांनी मोजलेलंच आहे."

सासऱ्यांनी तुकडा तोंडात घातला. सावकाश चावला. मग स्वतःच डबा उचलला, झाकण लावलं, सुनेला चल म्हणाले आणि चपला शोधू लागले.

चहावाला काउंटरशी उभा राहूनच खाणारा माणूस. त्याने एक तुकडा खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसरा शेजारी कप विसळणाऱ्या बायकोला दिला.

"मऊ आहे," बायको म्हणाली. "चहात बुडवला तर मोडेल."

"बुडवायचा नाही," सून म्हणाली. "बरोबर खायचा."

"रोज एक लागेल," चहावाला म्हणाला. "पण मला ताजा पाहिजे हं, काका. हा आजचाच ना?"

सुनेने सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांना खोटं बोलता येत नव्हतं. ती अडचण त्यांच्या धंद्याला पूर्वीही नडली होती. ते डब्याच्या झाकणावर हात ठेवून उभे राहिले. चहावाल्याची बायको कप विसळायची थांबली.

"नाही," सासरे म्हणाले. "गुळाचा केक भाजल्या दिवशी तयार होत नसतो. आज भाजतो तो उद्याचा. उद्याच्या आधी विकला तर तो कच्चा माल झाला, आणि कच्चा माल आमच्याकडून जात नाही."

"असं असतं होय," चहावाला म्हणाला.

"गुळाचं असंच असतं," सासरे म्हणाले. मग सुनेकडे न बघता पुढे म्हणाले, "सूनबाईंना विचारा. भट्टी त्यांच्याकडे आहे."

तिने बेताने सांगितलं की केक झाकूनच ठेवावा, उघडा ठेवला तर पावसाळी हवेत वरून चिकट होतो आणि उन्हाळ्यात कडा वाळतात. आणि उद्याचा केक आजच भाजायचा असल्याने आपल्याला निघायला हवं.