तिसरं नाव

टार्टू शहरातल्या त्या सभागृहात मी नुसता बघायला आलो होतो. हॅकेथॉनमध्ये, म्हणजे दोन दिवसांच्या प्रोग्रॅमिंग स्पर्धेत, बिनसंघाचं नाव नोंदवलं की आत बसता येतं, कॉफी मिळते. निवृत्त ग्रंथपालाला तेवढं पुरेसं होतं.

आमच्या वाचनालयात येणारी त्रीन मात्र संघ घेऊन आली होती. जुन्या वर्तमानपत्रांची गॉथिक अक्षरं यंत्राला वाचता यावीत, म्हणून ती हिवाळाभर राबली होती. संग्रहालयातल्या त्या वर्तमानपत्रांची छायाचित्रं फक्त निवडलेल्या संघांना, आणि तीही याच दोन दिवसांत मिळणार होती.

संघ किमान तिघांचा, जास्तीत जास्त पाचांचा. बदल त्याच दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत. त्रीनचे तिघंच होते: ती, राऊल आणि मार्या. दुपारी मार्या तापाने आडवी झाली, म्हणून तिच्या जागी वोरू गावाहून त्यांचा मित्र काउर बसने निघाला.

यंदा अदलाबदलीसाठी एकच अर्ज होता. जुनं नाव आणि नवं नाव एकत्र द्यायचं. नव्या माणसाने होकार दिला की जुनं नाव आपोआप निघतं. पण गेल्या वर्षी त्रीनचा संघ पाचांचा होता. तेव्हा आधी एकाला काढल्याशिवाय दुसऱ्याला आमंत्रणच जात नसे. त्याच सवयीने तिने आधी मार्याला काढलं. दोघंच उरले. पडद्यावर लाल अक्षरं आली: संघ अपुरा, सहा वाजता जागा प्रतीक्षायादीतल्यांना.

काउरला आमंत्रण गेलं, पण होकार त्याच्याच खात्यातून हवा होता आणि त्याचा फोन बंद होता. मार्याही फोन उचलत नव्हती. नोंदणीच्या मेजावरची मुलगी म्हणाली की तिच्याही हातात काही नाही. तीही दमलेली होती.

त्रीन माझ्या शेजारी येऊन बसली.

"उलो, तुमचं नाव मोकळं आहे."

"मला प्रोग्रॅम लिहिता येत नाही, त्रीन. मी तुमच्या गळ्यात धोंडा होईन."

"धोंडा तर धोंडा. तिसरा हवाय."

काउर वेळेत पोचला तर तो चौथा होईल, असं मनाशी म्हणत मी होकाराचं बटण दाबलं. लाल अक्षरं गेली. सहा वाजले, नोंदणी बंद झाली आणि काउरचं आमंत्रणही रद्द झालं.

थोड्या वेळाने तो पाठीवर पिशवी घेऊन आला. सगळं कळल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं.

"माझ्या जागी तुम्ही का? मग आईने दिलेला हा काळा पावही तुम्हीच संपवा."

मी उठू लागलो. संघ सोडतो म्हणालो.

"सोडलात तर पुन्हा दोघंच," राऊल पडद्यावरून नजर न हटवता म्हणाला. "आणि आता कोणी आत येऊ शकत नाही. कोड मी लिहितो. हळू होईल, एवढंच."

त्रीनने माझ्यासमोर एक छायाचित्र उघडलं. जुनी, पुसट ओळ. यंत्राने त्यातला 'एफ'सारखा दिसणारा प्रत्येक लांब 'एस' 'एफ' म्हणून वाचला होता.

"तुम्हाला ही अक्षरं वाचता येतात. चुका इथून सुधारायला लागा," ती म्हणाली आणि तिने मेजावर डोकं टेकवलं.

मी चष्मा पुसला. काउरने पाव कापून एक तुकडा माझ्या कोपरापाशी ठेवला आणि तो प्रेक्षकांच्या खुर्च्यांकडे गेला.