जिलेबीची पट्टी

जुई रविवारी सकाळी भोपाळच्या पिपलानी भागातल्या मराठी मंडळाच्या मागच्या खोलीत पहिल्यांदाच दबकत शिरली. एरवी ती या खोलीत उड्या मारतच यायची. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाली, नोकरीच्या परीक्षांचा अभ्यास चालू होता, आणि मधल्या काळात आपण होऊन तिने आठ मुलांचा मराठीचा वर्ग सुरू केला होता. मुलं घरी मराठी बोलत, शाळेत इंग्रजी लिहीत आणि गल्लीत हिंदीत भांडत. मराठी उतारा समोर ठेवला की मात्र दुसऱ्या ओळीलाच जांभया.

म्हणून जुईने उतारे कापायला घेतले होते. एक वाक्य, एक कागदी पट्टी. सगळ्या पट्ट्या टेबलावर विस्कटायच्या आणि मुलांनी त्या पुन्हा ओळीने लावायच्या. जांभया बंद झाल्या. इतक्या की शेजारच्या वाचनालयात पेपर वाचणारे आजोबा आवाजाची तक्रार करू लागले.

ती तक्रार कार्यकारिणीपर्यंत गेली, आणि तिथे मंडळाच्या तरुण सभासदांचा पुढारी शैलेंद्र टपूनच बसला होता. त्याला त्या खोलीत टेबल टेनिसचं टेबल हवं होतं. "मराठी घरी शिकतातच की मुलं," तो म्हणाला, "आणि हे कागद जुळवणं म्हणजे काय शिकवणं आहे?"

मंडळाचे अध्यक्ष अनंतराव कारखान्यातून निवृत्त झालेले. अडतीस वर्षं त्यांनी यंत्रांच्या सुट्या भागांची तपासणी केली होती आणि अजूनही ते हॉटेलातला चहा तपासल्यासारखा पीत. ते म्हणाले, "तपासून बघू. उतारा मी लिहीन, कापीनही मीच. मुलांनी बरोबर लावला, तर रविवार वर्गाचा. एक पट्टी जरी चुकली, तर शैलेंद्रचं टेबल येईल. आणि जुई, तू मागे बसायचं. एक अक्षर बोलायचं नाही."

तर असा तो रविवार. जुई मागच्या भिंतीशी खुर्चीत, हात मांडीखाली दाबून. शैलेंद्र दारात. खिडकीशी नलिनीकाकू, अनंतरावांच्या पत्नी, कारण "हे काय लिहून बसलेत ते मला दाखवेनात" अशी त्यांची तक्रार होती. टेबलाभोवती आठ डोकी. अनंतरावांनी पाकीट उपडं केलं आणि सात पट्ट्या पडल्या.

*म्हणून दत्तात्रय नावाच्या एका फिटरने ती लगेच उघडली.*
*त्या दिवशी मंडळात सगळ्यांना जिलेबी वाटण्यात आली.*
*ते काढताच मुकी पट्टी वाजू लागली.*
*आठ दिवसांनी ती रेल्वेने भोपाळला आली.*
*त्याला आत अडकलेलं एक झुरळ सापडलं.*
*१९७८ साली मंडळाने गणेशोत्सवासाठी नागपूरहून एक बाजाची पेटी मागवली.*
*पण संध्याकाळी वाजवून पाहिली, तेव्हा तिची एक पट्टी मुकी निघाली.*

"झुरळ!" पराग ओरडला. बारा वर्षांचा हा मुलगा झुरळ या शब्दासाठीच वर्गात आला असावा इतका खूश झाला.

"चूप. पहिलं कुठलं?" मानसीने सूत्रं हातात घेतली. ती अकरा वर्षांची, वर्गातली सगळ्यात लहानखुरी आणि सगळ्यात मोठ्या आवाजाची. "जे कुणावर टेकत नाही ते. 'म्हणून'वालं नाही, त्याच्याआधी कारण पाहिजे. 'ते'वालं नाही, 'ते' म्हणजे काय ते आधी यायला पाहिजे. 'पण' नाही..."

"१९७८," आशय म्हणाला. "त्यात 'ती' नाही, 'पण' नाही, काहीच नाही. आणि 'एक पेटी' म्हटलंय. पहिल्यांदा सांगताना 'एक' म्हणतात."

जुईने ओठ चावले. 'एक'ची गोष्ट तिने शिकवलीच नव्हती.

मग पट्ट्या भराभर सरकल्या. "'ती रेल्वेने आली'. ती म्हणजे पेटी. बसव." "'पण'. आली, पण मुकी निघाली. उलट झालं ना, मग इथे 'पण'." "'म्हणून'. मुकी निघाली म्हणून उघडली." "'त्याला' म्हणजे दत्तात्रयला." "आणि 'ते' म्हणजे झुरळ! झुरळ काढताच!" शेवटचं अर्थातच पराग.

हातात एकच पट्टी उरली. जिलेबीची.

"ही सगळ्यात शेवटी," आशय म्हणाला. "पेटी सुधारली, खुशी में जिलेबी." त्याने ती खाली ठेवली आणि सात पट्ट्यांची ओळ पुरी झाली. घड्याळात जेमतेम चार मिनिटं गेली होती.

अनंतराव चष्मा नाकावर आणून वाकले. वरून खाली वाचत गेले, मान हलवत, खूश होत. शेवटच्या पट्टीशी थांबले. खिशातून उत्तराचा कागद काढून परत पाहिलं. मग खरोखर वाईट वाटल्यासारखं म्हणाले, "जिलेबी चुकली. ती तिसरी आहे. रेल्वेने आली, त्या दिवशी जिलेबी वाटली, पण संध्याकाळी मुकी निघाली. असं आहे ते."

शैलेंद्रने दारातूनच "अरेरे" म्हटलं, पण त्यात रेरे फार नव्हतं.

जुईचं तोंड उघडलं आणि मिटलं. पट्ट्या ऐकतानाच तिच्या लक्षात आलं होतं. गणितात एखाद्या समीकरणाला दोन उत्तरं निघाली, तर दुसरं लिहिणाऱ्याला कुणी नापास करत नाही. पण बोलायचं नव्हतं. तिने हात आणखी खाली दाबले आणि मानसीच्या वेणीकडे टक लावून पाहत राहिली, जणू त्या वेणीतून काही पोचेल.

मानसीने जिलेबी उचलून तिसऱ्या जागी ठेवली. वाचलं. परत खाली ठेवली. वाचलं.

"आजोबा, दोन्ही चालतंय."

"दोन्ही कसं चालेल? तिसरीच आहे ती."

"का?"

"का म्हणजे? मी होतो तिथे!" अनंतरावांचा आवाज चढला. "पेटी स्टेशनवरून टांग्यात घालून मी आणली. टांगा दारात लागला आणि जिलेबी वाटली. चार मी खाल्ल्या."

"चार नाही, सात," खिडकीतून नलिनीकाकू म्हणाल्या.

"पण आम्ही नव्हतो ना, आजोबा," मानसी म्हणाली. "आमच्याकडे पट्ट्याच आहेत. टांगा कुठल्या पट्टीत आहे?"

खोलीत कुणीतरी फिसकलं. अनंतरावांनी सगळ्या पट्ट्या पुन्हा वाचल्या.

"'त्या दिवशी' म्हटलंय फक्त," मानसीला आता चेव चढला. "पेटी आली तो दिवस आणि सुधारली तो दिवस एकच. मग कुठेही बसते. दुसरीकडे कुठे नाही बसत, आम्ही बघू? झुरळाच्या मागे ठेवली, तर..."

"'ते काढताच'चं झुरळ लांब जातं," आशय म्हणाला. "'मुकी निघाली'च्या मागे ठेवली, तर जिलेबी वाटली म्हणून पेटी उघडली असं होतं. दत्तात्रयच्या मागे ठेवली, तर 'त्याला' म्हणजे कुणाला? सगळ्यांना जिलेबी, मग एकदम त्याला?"

"आणि एक नंबरच्या मागे 'त्या दिवशी' म्हणायला दिवसच नाही, साल आहे," मानसीने संपवलं. "म्हणजे दोनच जागा. पण दोन आहेत. वर तुमच्या जागी ठेवली ना, तर पुढे 'तिची पट्टी मुकी'. जवळची 'ती' कोण? जिलेबी. जिलेबीची पट्टी मुकी निघाली!"

परागला हे इतकं आवडलं की त्याने टेबलावर डोकं टेकलं.

"ते जाऊ दे, 'वाजवून पाहिली' आहे, म्हणून पेटीच कळते," आशय प्रामाणिकपणे म्हणाला. "तुमचंही बरोबर आहे, आजोबा. आमचंही."

"काका, ठरलं तसं ठरलं," शैलेंद्र पुढे आला. "उत्तराच्या कागदावर तिसरी आहे. एक पट्टी चुकली."

अनंतरावांनी हात वर करून त्याला थांबवलं. जिलेबीची पट्टी त्यांनी चिमटीत धरली, उलटी केली, सुलटी केली, तिच्या दोन्ही कडांवरून अंगठा फिरवला. त्यांच्या समोर अडतीस वर्षं सुटे भाग असेच यायचे.

"शैलेंद्र," ते हळूच म्हणाले, "दोन बाजूंनी बसणारा भाग कामगाराने उलटा बसवला, तर आम्ही कामगाराला बोलायचो नाही. भागाचा नकाशा काढणाऱ्याला बोलायचो. भागाला एका बाजूला खाच ठेवायची असते, म्हणजे तो एकाच रीतीने बसतो. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे असे नकाशे परत पाठवले." त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली. "याला खाच नाही. ती माझ्या डोक्यात राहिली. नकाशा नापास. मुलं पास."

मुलांनी जो गलका केला, त्याने वाचनालयातले आजोबा पेपरासकट दारात आले. जुई उठून टेबलाशी आली. मानसीची वेणी ओढून ती नुसतीच हसत राहिली. शैलेंद्रने खांदे उडवले, "शनिवार तरी मोकळा आहे का, काका?" असं विचारलं आणि उत्तर हो आल्यावर तोही टेबलाशी आला.

"पण खाच पाडल्याशिवाय मी घरी जाणार नाही," अनंतरावांनी पेनाचं टोपण काढलं. "सांगा. जिलेबीच्या पट्टीत काय घालू?"

"'ती आल्याच्या आनंदात'?" शैलेंद्र म्हणाला, आणि स्वतःच दचकला.

"तरी शेवटी बसेल, भैया," आशयने पट्टी सरकवून दाखवली. "आल्याचा आनंद नंतरही होतो."

सगळे पट्टीवर वाकले. जुईचीही नजर जिलेबीच्या पट्टीवरच अडकली होती. मानसी मात्र शेजारच्या पट्टीकडे बघत होती.

"हिच्यात काही नका घालू," ती म्हणाली. "हिच्या पुढचीत घाला. 'पण ती खाऊन संध्याकाळी पेटी वाजवून पाहिली.' खाण्याची 'ती' आली की जिलेबी आधी यायलाच पाहिजे."

अनंतरावांनी जुन्या अक्षरांच्या वर बारीक अक्षरात तसं लिहिलं. परागने पट्टी हिसकावली, जिलेबी मुद्दाम शेवटी नेऊन ठेवली आणि सभेत वाचावं तशा आवाजात वाचू लागला:

"'१९७८ साली मंडळाने गणेशोत्सवासाठी नागपूरहून एक बाजाची पेटी मागवली. आठ दिवसांनी ती रेल्वेने भोपाळला आली. पण ती खाऊन...'"

पुढचं कुणाला ऐकूच आलं नाही. नलिनीकाकूंनी पदर तोंडाला लावला. "ह्यांनी खाल्लीही असती," त्या कशाबशा म्हणाल्या. अनंतराव खुर्चीचा हात धरून हसत होते. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले, हसू थोडं आवरलं, मंडळाची नोंदवही पुढ्यात ओढली आणि मागच्या खोलीच्या रकान्यात लिहिलं: रविवार, सकाळी नऊ ते अकरा, मराठी वर्ग.